दव पडलं की ब्रेकर का पडतो: अंगणातली दिव्यांची माळ, कंदील आणि त्यांची वायरिंग

प्रश्न: आमच्या मागच्या अंगणात संध्याकाळी मंद उजेड हवा म्हणून १५-१५ मीटरच्या दोन माळा एकमेकींना जोडून तीन फेऱ्यांत लावल्या. घराची भिंत आणि समोरचे लोखंडी खांब यांत ८ मीटरचं अंतर आहे. माळेलाच मधेमधे टेपने जोड देऊन चार कागदी कंदील टांगले. पहिले काही दिवस छान चाललं. आता रात्री दव पडलं की आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर, पडतो आणि सकाळी ऊन आल्यावर वर केला की टिकतो. लोड जास्त झालाय, मोठा ब्रेकर लावा, असं एकाने सुचवलं. तसं करावं का?

उत्तर:

नाही, ब्रेकर अजिबात बदलू नका. तो बिघडलेला नाही. सध्या तुमच्या अंगणात नीट काम करणारी तीच एक वस्तू आहे. दोष सापडेपर्यंत माळ फक्त बटणाने बंद करू नका, प्लगच काढून ठेवा. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी लोडचा हिशोब करू, म्हणजे ती शंका राहणार नाही. अशा माळेत साधारण ६० सेंटिमीटरवर एक होल्डर असतो, म्हणजे दोन माळांत मिळून सुमारे ५० दिवे. एलईडी दिवा १ वॅटचा धरला तर ५० वॅट. कंदिलांतले चार दिवे ५ वॅटचे धरले तर आणखी २०. एकूण ७० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर ०.३ अँपिअर. बाहेरच्या सॉकेटच्या सर्किटला ६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा ब्रेकर, असला, तरी तुम्ही त्याच्या वीसाव्या हिश्श्याएवढाच करंट घेताय. पूर्वी याच होल्डरमध्ये १५ वॅटचे तारेचे दिवे असायचे. तेव्हा ५० दिव्यांचे ७५० वॅट व्हायचे, वायर कोमट लागायची आणि लोडची काळजी करावी लागायची. एलईडी आल्यावर ती काळजी संपली. पाण्याची, ताणाची आणि कच्च्या जोडांची काळजी मात्र होती तेवढीच आहे, आणि तुमचा आरसीसीबी त्याबद्दलच काहीतरी सांगतोय.

आरसीसीबी लोड मोजतच नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच तो पाहतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो आणि प्रत्यक्षात १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेतरी पडतो. म्हणजे तुमच्या माळेतून रोज रात्री तेवढा करंट ठरलेली वाट सोडून जमिनीत जातोय. माळ दोनच तारांची असते, तिला अर्थिंगची तार नसते. मग करंट जमिनीपर्यंत पोहोचतो कसा? ओल्या भिंतीतून, ओल्या झाडातून किंवा तुमच्या त्या लोखंडी खांबातून. ज्या वस्तूला येताजाता हात लागतो, तिच्यातूनच ही गळती वाहते आहे. हाताचे स्नायू आखडून पकड सोडता येत नाही, अशी अवस्था साधारण १० मिलिअँपिअरपासून सुरू होते. ओल्या हाताने २३० व्होल्टला स्पर्श झाला तर अंगातून १०० मिलिअँपिअरहून जास्त करंट जाऊ शकतो. ६ अँपिअरच्या एमसीबीला तो करंट कळणारसुद्धा नाही, कारण त्याच्या लेखी ६,००० मिलिअँपिअरपर्यंत सगळं ठीकच असतं. म्हणून ‘मोठा ब्रेकर लावा’ हा सल्ला मला फार धोक्याचा वाटतो.

आता गळती शोधू. तुमचा दोष दवाबरोबर येतो आणि उन्हाबरोबर जातो, म्हणून दुपारी शोधायला बसलात तर काहीच सापडणार नाही. शोध रात्री, आरसीसीबी पडल्यानंतर करायचा. पायात कोरडे रबरी तळाचे बूट असू द्या, आणि वायरला, होल्डरला किंवा खांबाला हात लावायचा तो प्लग काढलेला असतानाच.

पहिल्यांदा बाहेरच्या सॉकेटमधून सगळं काढा आणि आरसीसीबी वर करा. काहीही जोडलेलं नसताना तो पुन्हा पडला, तर पाणी सॉकेटच्या डब्यात किंवा भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे. मग पुढे काही करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो टिकला तर दोष माळेकडे आहे. इथे बटण बंद करणं पुरत नाही, कारण सॉकेटचं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि ओलाव्यातून न्यूट्रल जमिनीला टेकला तरी आरसीसीबी पडतो. ‘बटण बंद होतं तरी पडला, म्हणजे ब्रेकरच खराब’ हा निष्कर्ष मी कितीतरी घरांत ऐकलाय. बहुतेक ठिकाणी खरा दोष ओल्या न्यूट्रलचाच निघाला.

दुसरी पायरी माळ अर्धी करण्याची. दोन माळांमधला कपलर सोडा. पहिल्या माळेचं उघडं पडलेलं टोक तिच्या टोपीने बंद करा आणि फक्त पहिली माळ लावून पाहा. ती अर्धा तास टिकली तर दोष दुसऱ्या माळेत किंवा कपलरमध्ये आहे. मग प्लग काढून कंदिलांचे जोड एकेक करून पूर्ण सोडवा, जिथे वायर कापली होती ती जागा कोरडी आणि बंद करा, आणि पुन्हा पाहा. असं अर्ध-अर्ध करत गेलात तर चार-पाच खेपांत जागा सापडते. पन्नास होल्डर एकेक उघडत बसावं लागत नाही.

तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय त्या चार टेपच्या जोडांवर आहे. इन्सुलेशन टेप वीज अडवते, पण पाणी अडवत नाही. टेपच्या दोन वेढ्यांमध्ये बारीक फट राहते, दव तिच्यातून आत शिरतं आणि तांब्याच्या बारीक तारांमधून वातीत तेल चढावं तसं वायरच्या आत सरकतं. बाहेरचा भाग उन्हात सुकतो. आत मात्र ओल टिकते, आणि टेप ती ओल बाहेरही जाऊ देत नाही. असा जोड सोडलात तर तांबं काळपट किंवा हिरवट झालेलं दिसेल. काळा रंग एक-दोन सेंटिमीटर आत गेला असेल, तर चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापून टाका.

दुसरा संशय दोन माळांमधल्या कपलरवर. तो फेरीच्या मधोमध, म्हणजे वायर जिथे सर्वांत खाली लोंबते तिथे आला असेल, तर दोन्ही बाजूंचं पाणी ओघळून त्याच्यावरच येतं. एका घरी माझे तीन तास अशाच एका टोकापाशी गेले होते. माळेच्या शेवटच्या टोकाची टोपी कुणीतरी काढली होती, पुढे आणखी माळ जोडायची म्हणून. ती जोडली गेली नाही, टोपीही परत बसली नाही. ते उघडं टोक एका फांदीला टेकून होतं. दिवसा सगळं कोरडं. रात्री फांदी ओली झाली की करंट झाडातून खाली. टोपी सापडली तेव्हा ती सॉकेटशेजारच्या खिडकीत ठेवलेली होती.

तिसरी जागा होल्डर. प्लग काढून दिवे काढा आणि टॉर्चने आत पाहा. होल्डरच्या तोंडाशी एक रबरी रिंग असते आणि दिवा घट्ट बसला की तीच पाणी अडवते. रिंग सरकली असेल, चिरली असेल किंवा दिवा अर्धवट फिरवलेला असेल, तर आत थेंब दिसतील. दोन संपर्कांच्या मधे प्लास्टिकवर तपकिरी-काळी रेघ दिसली तर तो होल्डर वापरातून काढाच. ही जळण्याची सुरुवात असते. पाण्यातून फेज आणि न्यूट्रलच्या मधे बारीक करंट वाहत राहतो, प्लास्टिक हळूहळू कोळशासारखं होतं आणि शेवटी वाट पक्की होते. आरसीसीबीला हे कळत नाही, कारण करंट फेजमधून जाऊन न्यूट्रलमधूनच परत येतो आणि त्याच्या हिशोबात काही कमी पडत नाही. याच कारणाने कुणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तरी आरसीसीबी त्याला वाचवू शकत नाही. तो असला तरी होल्डर डोळ्यांनी पाहावे लागतात ते यासाठी.

दिवा बदलतानाही प्लग काढलेला हवा. प्लग दोन पिनांचा असेल तर तो कसाही उलटा बसतो, आणि मग माळेच्या वायरवर बटण असेल तर ते फेजऐवजी न्यूट्रल तोडतं. दिवे विझलेले दिसतात, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच असतात. स्क्रूच्या होल्डरमध्ये तर दिवा फिरवताना बोट ज्या धातूच्या कडेला लागतं, तीच कड जिवंत, म्हणजे वीज असलेली, असू शकते.

दोष सापडला की माळ तशीच परत टांगू नका. तुमची माळ बहुधा स्वतःच्याच वायरवर लोंबते आहे आणि दोष पुन्हा येण्याचं ते मोठं कारण असतं. विजेच्या वायरचं काम वीज वाहणं आहे, वजन वाहणं नाही. वजन पोलादी दोरीवर द्यायचं. ८ मीटरसाठी ३ मिलिमीटरची गंज न धरणारी पोलादी दोरी भरपूर झाली. तिच्या दोन्ही टोकांना गोल वळण देऊन आत थिंबल, म्हणजे धातूची खोबण, बसवा, म्हणजे दोरी हुकवर घासून तुटत नाही. वळण क्लिपने आवळताना क्लिपची खाचेची बाजू ताणाच्या दोरीवर आणि यू-बोल्टची बाजू मोकळ्या शेपटीवर यायला हवी. उलटं केलं तर यू-बोल्ट ताणाच्याच दोरीला चिरडतो. एका टोकाला टर्नबकल लावलंत की पुढे ताण कमीजास्त करता येतो.

ताणाच्या बाबतीत बहुतेक लोक एकच चूक करतात. माळ सरळ रेघेत दिसावी म्हणून दोरी ताणत जातात. याचा हिशोब सोपा आहे. दोघांमधल्या अंतराला माळेच्या वजनाने गुणा आणि झोळाच्या आठपटीने भागा, की टोकावरची ओढ मिळते. वायर, होल्डर, दिवे सगळं धरून मीटरला पाव किलो धरलं तर ८ मीटरच्या फेरीचं वजन २ किलो होतं. मधे ४० सेंटिमीटर झोळ ठेवलात तर हुकवर ५ किलोची ओढ येते. झोळ १० सेंटिमीटरवर आणलात तर तीच ओढ २० किलो होते आणि ५ सेंटिमीटरवर ४० किलो. वजन तेच २ किलो, पण ओढ आठपट. त्यात वाऱ्याचे झटके वेगळे. हुक भिंतीतून सुटतात, खांब आत झुकतात, आणि दोरीऐवजी वायरच ताणली असेल तर होल्डरमध्ये तिची पकड ढिली होऊन फट पडते. पाणी त्या फटीतून जातं. म्हणून अंतराच्या वीसाव्या भागाएवढा, तुमच्याकडे ४० सेंटिमीटरचा झोळ राहू द्या. हुक जमिनीपासून ३ मीटरवर घेतले तर मधला दिवा साधारण अडीच मीटरवर येतो, म्हणजे हात वर केला तरी सहज लागत नाही. हलका झोळ दिसायलाही जास्त छान दिसतो, असं मला वाटतं.

माळ दोरीला प्रत्येक होल्डरच्या दोन्ही बाजूंना, उन्हात टिकणाऱ्या काळ्या पट्ट्यांनी बांधा. पट्टी घट्ट आवळू नका, वायरचं आवरण दबता कामा नये. होल्डरची तोंडं सरळ खाली हवीत. आडवा किंवा वर तोंड केलेला होल्डर म्हणजे पावसाची वाटी. स्टेपलर आणि खिळे पूर्ण वर्ज्य. आवरणाला पडलेलं सुईएवढं भोक दिसत नाही, पण दवाला ते सापडतं. लोखंडी खांबांपाशी विशेष जपा, कारण तिथे वायर कडेवर घासून आवरण गेलं तर सगळा खांब, आणि पोलादी दोरीसुद्धा, जिवंत होऊ शकते. खांबाजवळून जाणाऱ्या वायरवर हातभर लवचीक पाइप चढवा. खांबांना अर्थिंग आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

दोन माळांमधला कपलर आता मधोमध न येता खांबाजवळच्या उंच टोकाला येईल अशी सोय करा. तुमच्या मापात ती सहज होते. तीन फेऱ्यांचे २४ मीटर, दोन वळणांचे ४ आणि सॉकेटपर्यंत उतरायला २, असे बरोबर ३० मीटर लागतात. पहिल्या फेरीनंतर वळणाचे २ मीटर आणि दुसऱ्या फेरीचा थोडा भाग मिळून १५ मीटर होतात, म्हणजे कपलर दुसऱ्या फेरीच्या वाटेत येतो. सॉकेटपाशी तीनेक मीटर वायर जास्त गुंडाळून घेतली की तो मागे सरकेल. दुसरी फेरी खांबाकडून घराकडे येत असल्याने मागे सरकणं म्हणजे खांबाकडे जाणंच. तीनेक मीटर सरकला तर तो वळणावर, उंच जागी पोहोचतो, आणि तेवढीच लांबी शेवटच्या टोकाला कमी पडते. तिथे खांबाच्या अलीकडे पाचेक दिव्यांची जागा रिकामी राहील. अंधाराच्या त्या कोपऱ्यात एक कंदील टांगा, छान दिसेल.

वायर सॉकेटमध्ये वरून उतरते तिथे तिला सॉकेटच्या खाली वितभर लोंबू द्या आणि मग वर वळवून प्लगमध्ये न्या. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या वळणाच्या तळाशी टपकतं, प्लगपर्यंत चढत नाही. सॉकेटवर झाकण असं हवं, की प्लग लावल्यावरही ते पूर्ण बंद होईल. बाहेरच्या वस्तूंवर आयपीचा आकडा छापलेला असतो. पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. २० म्हणजे पाण्यापासून काहीच बचाव नाही, ४४ म्हणजे कुठूनही उडणारे शिंतोडे चालतील, ६५ म्हणजे नळीचा फवाराही चालेल. वळचणीखाली ४४ पुरतो, उघड्यावर वर्षभर राहणाऱ्या माळेसाठी मी ६५ घेतो. मात्र हा आकडा कारखान्यातून आलेल्या, न कापलेल्या माळेला लागू असतो. तुम्ही तिला मधे चार ठिकाणी कापलंत, त्या क्षणी तो आकडा संपला.

म्हणून कंदिलांना माळेतून वीज देऊच नका. त्यांची वेगळी, कमी व्होल्टची लाइन करा. २४ व्होल्टचा एक अडॅप्टर घरात, कोरड्या जागी ठेवा आणि बाहेर फक्त २४ व्होल्ट न्या. अशी लाइन ओली झाली तरी अंगणातल्या माणसाला झटका बसत नाही, आणि जोडात थोडी ओल गेली तर तो कंदील मिणमिणेल, यापलीकडे सहसा काही होत नाही. जोड तरीही जेल भरलेल्या बंद कनेक्टरमध्येच करा, नाहीतर वर्षभरात तांबं कुजतं.

वायर किती जाड घ्यायची? चार कंदील ३ वॅटचे धरले तर १२ वॅट, म्हणजे २४ व्होल्टवर अर्धा अँपिअर. सर्वांत लांबचा कंदील १२ मीटरवर असेल तर जायची-यायची मिळून २४ मीटर तार झाली. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरचा तेवढ्या लांबीत रोध साधारण ०.६ ओहम, आणि सगळे कंदील शेवटी टांगले असं धरलं तरी वाटेत ०.३ व्होल्ट पडतात. २४ मधले ०.३ डोळ्याला कळत नाहीत. हेच १२ व्होल्टवर केलंत तर करंट दुप्पट होतो, ०.६ व्होल्ट पडतात आणि तेही १२ मधले, म्हणजे पाच टक्के. काही दिव्यांत शेवटचा कंदील मग थोडा फिका दिसतो. माझी पसंती त्यामुळे २४ ला. एक काळजी मात्र घ्या. २४ व्होल्टचे दिवेही कधीकधी त्याच जाड स्क्रूचे येतात आणि चुकून २३० व्होल्टच्या माळेत बसतात. तसं झालं तर दिवा फुटतो. कंदिलांसाठी बारीक स्क्रूचे होल्डर घ्या, म्हणजे अदलाबदल करताच येणार नाही.

अडॅप्टर घेताना त्यावर ‘आउटपुट’ म्हणून व्होल्ट छापलेले आहेत ना ते पाहा, आणि चौकोनात चौकोन हे दुहेरी इन्सुलेशनचं चिन्ह शोधा. बारीक तारांच्या, लुकलुकणाऱ्या माळांच्या प्लगजवळ एक छोटा डबा आणि बटण असतं. लोक त्यालाच ट्रान्सफॉर्मर समजतात. बहुतेकदा तो फक्त दिवे लुकलुकवणारा कंट्रोलर असतो आणि त्याच्या पुढच्या केसाएवढ्या तारांत मेनचीच वीज धावत असते. डब्यावर आउटपुटचे व्होल्ट लिहिलेले नसतील तर ती माळ २३० व्होल्टची समजा. अशी माळ घरात उंच, कोरड्या जागी ठीक आहे. अंगणात, आणि मुलांच्या हाताशी, नाही.

कागदी कंदील दवात टिकत नाही. कागद ओला होऊन खाली बसतो आणि दिव्याला चिकटतो. उघड्यावर नायलॉनचे घ्या, कागदाचे छपराखाली टांगा. आत तारेची जी चौकट येते ती दिवा मधोमध ठेवण्यासाठीच असते, ती काढून टाकू नका. एलईडी थंड असतो हे अर्धंच खरं आहे. त्याचा काचेचा भाग थंड राहतो, पण बुडाशी इलेक्ट्रॉनिक्स तापतं. वर-खाली दोन्हीकडून बंद कंदिलात ती उष्णता साठून दिवा लवकर जातो, म्हणून वरचं तोंड उघडं असलेला कंदील निवडा आणि ३ वॅटच्या वर जाऊ नका. कंदिलाचं वजन त्याच्या स्वतःच्या दोरीवर, पोलादी दोरीला अडकवून. वायर त्याच्या शेजारून सैल उतरलेली. ज्योतीचा कंदील हवाच असेल तर तो माळेखाली नको, बाजूला, जमिनीवर आणि वायरपासून दूर.

आता उजेडाबद्दल, कारण मंद प्रकाशासाठी ही सगळी खटपट चाललीय. १ वॅटचा दिवा साधारण ८० लुमेन देतो, म्हणजे ५० दिव्यांचे ४,००० लुमेन. घरातला ९ वॅटचा बल्ब साधारण ८०० लुमेनचा असतो, म्हणजे तुम्ही अंगणात तसे पाच बल्ब लावलेत. संध्याकाळच्या निवांत बसण्यासाठी हे फार होतं. इथे लोक एक साधासा उपाय करतात, आणि तो पुन्हा तुमच्या मूळ दोषाकडेच नेतो: एकाआड एक दिवा सैल करून ठेवतात किंवा काढून टाकतात. दिवा सैल केला की रबरी रिंग सुटते आणि काढला तर होल्डर सताड उघडा पडतो. तुम्हीही असं केलं असेल तर शोध तिथूनच सुरू करा. सगळे होल्डर भरलेलेच ठेवा आणि त्याऐवजी अर्ध्या वॅटचे, दुधी काचेचे दिवे घ्या, किंवा घरात एलईडीसाठीचा डिमर लावा. त्यासाठी दिव्यांच्या खोक्यावर ते डिमरवर चालतात असं लिहिलेलं हवं. रंग २२०० ते २७०० केल्विनच्या मधला निवडा. २२०० म्हणजे जवळजवळ ज्योतीचा रंग. ३००० च्या पुढे उजेड पांढुरका होत जातो, आणि निळसर-पांढऱ्या उजेडाकडे किडेही जास्त येतात.

कंदील मात्र माळेच्या उंचीवर टांगू नका. नुसता वरून आलेला उजेड डोळ्यांखाली सावल्या पाडतो, सगळे थकल्यासारखे दिसतात. २४ व्होल्टवर असल्यामुळे कंदील खाली, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर आणता येतात. बाजूने आलेला तो उजेड चेहऱ्यांवर पडतो आणि अंगणाचं रूपच बदलतं. २३० व्होल्टवर असते तर मी ते इतके हाताशी आणू दिले नसते.

सगळं टांगून झालं की एक चाचणी घ्या. प्लग काढलेला असताना झारीने पूर्ण माळेवर पाणी घाला, होल्डर, कपलर, शेवटची टोपी, सगळीकडे. अर्धा तास थांबा. मग इलेक्ट्रिशियनकडून दिवे काढून मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, ५०० व्होल्टवर माळेची तपासणी करून घ्या, दोन तारांच्या मधे आणि तारा ते पोलादी दोरी अशी. दिवे काढले की होल्डर उघडे पडतात, म्हणून त्यांची तोंडं आधी कापडाने कोरडी करा. आकडा १ मेगाओहमच्या खाली आला तर अजून कुठेतरी ओल आहे, माळ चालू करायची नाही. चांगली माळ ओली असतानाही त्याच्या कितीतरी पट जास्त दाखवते. मेगर मिळाला नाही, तर दिवे घट्ट बसवून, कुणालाही माळेच्या आणि खांबांच्या जवळ न येऊ देता प्लग लावा आणि तासभर पाहा. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ बटण त्याआधी एकदा दाबा आणि पुढे महिन्यातून एकदा दाबत राहा. दाबल्यावर तो पडला नाही तर त्या सर्किटवर माणसाचं रक्षण करणारं काहीच उरलेलं नाही. मग आधी तो बदलून घ्या, माळ त्यानंतर.